जुन्या फोनवर मराठीचे डबे का दिसतात, आणि त्या फोनला उत्तर कसं धाडावं

वसमतला हळदीच्या आडतीवर मी हिशोबाचं काम बघतो. गिऱ्हाईक सगळं शेतकरी. लिलाव कधी, माल कधी आणायचा, पट्टी कधी मिळणार हे कळवायला मी त्यांना मेसेज करतो. त्यातल्या जाणत्या मंडळींच्या खिशात अजून जुना बटणांचा फोन आहे. बॅटरी चार-चार दिवस चालते, शेतात पडला तरी फुटत नाही, म्हणून ते तो सोडत नाहीत. अशांना मराठीत मेसेज गेला की थोड्या वेळानं फोन येतो, "अरे बाबा, तू धाडलेलं काहीच कळंना. नुसते डबे-डबे दिसायलेत."

हे डबे म्हणजे मेसेज खराब झाला असं बहुतेकांना वाटतं. तसं नसतं. डबा दिसला याचा अर्थ मेसेज धड पोचला आहे, फक्त त्या फोनला तो दाखवता येत नाही. एवढी एक गोष्ट नीट समजली की पुढचे सगळे उपाय त्यातूनच निघतात, म्हणून आधी तीच उलगडून सांगतो.

आपण फोनवर "म" टाइप करतो तेव्हा त्या अक्षराचं चित्र पलीकडे जात नाही. जातो तो एक क्रमांक. जगातल्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना असे क्रमांक ठरवून दिलेत, त्या व्यवस्थेला युनिकोड म्हणतात. त्यात "म"चा क्रमांक आहे 092E आणि "ळ"चा 0933. देवनागरीसाठी 0900 पासून 097F पर्यंत १२८ जागा राखून ठेवल्या आहेत. पलीकडचा फोन तो क्रमांक वाचतो आणि स्वतःजवळच्या फॉन्टमधून त्या क्रमांकाचा आकार काढून पडद्यावर ठेवतो. जुन्या छापखान्यात कंपोझिटर कप्प्यातून अक्षराचा खिळा शोधायचा तसंच हे आहे. खिळा त्या कप्प्यात नसेल तर काय करायचं? फॉन्टमध्ये याच वेळेसाठी एक रिकामा चौकोन ठेवलेला असतो. "इथे एक अक्षर आहे, पण माझ्याकडे त्याचा आकार नाही" एवढंच तो चौकोन सांगतो.

बटणांच्या जुन्या फोनमध्ये फॉन्ट कारखान्यातच बसवलेला असतो. जागा थोडी, त्यामुळे कंपनीनं जेवढ्या भाषा ठरवल्या तेवढ्यांचेच आकार आत. तो नंतर वरून घालता येत नाही. दुकानात नेऊन "मराठी टाकून द्या" म्हटलं तरी बहुतेक वेळा उपयोग होत नाही तो याच कारणानं. फोनमध्ये देवनागरी आहे की नाही हे बघायची सोपी खूण म्हणजे सेटिंगमधली भाषांची यादी. त्यात मराठी किंवा हिन्दी असेल तर देवनागरीचे आकार आत आहेत असं समजायला हरकत नाही, कारण लिपी एकच. २०१६ मध्ये केंद्र सरकारनं आदेश काढला की देशात विकल्या जाणाऱ्या मोबाइलवर बावीसही भारतीय भाषा वाचता आल्या पाहिजेत. त्यामुळे अलीकडे घेतलेल्या साध्या फोनवर ही अडचण सहसा येत नाही. ती येते त्याच्या आधीच्या फोनवर, आणि असे फोन आमच्याकडे अजून भरपूर आहेत.

आता एक मेसेज घेऊन बघू. मी हा धाडला:

```
काका, हळदीचा लिलाव सोमवारी आहे. सकाळी ८ वाजता माल घेऊन या.
```

काकांना दिसला तो असा:

```
□□□□, □□□□□□ □□□□□ □□□□□□□ □□□. □□□□□ □ □□□□□ □□□ □□□□ □□.
```

जरा जवळून बघा. "काका" दोन अक्षरांचा शब्द, पण डबे चार. कारण काना हा वेगळा क्रमांक आहे: क, काना, क, काना. "सोमवारी"चे सात डबे त्याच हिशोबानं. स्वल्पविराम, पूर्णविराम आणि मोकळी जागा मात्र जशीच्या तशी दिसतेय, कारण त्यांचे आकार इंग्रजी फॉन्टमध्ये असतातच. आणि सगळ्यात नुकसानीची गोष्ट म्हणजे ८ चा पण डबा झाला. मराठी आकड्यांना स्वतःचे क्रमांक आहेत, 0966 ते 096F, आणि तेही देवनागरीच्याच घरात येतात. मी जर तिथे इंग्रजी 8 लिहिला असता तर इतक्या डब्यांमध्ये काकांना निदान 8 तरी दिसला असता, आणि सोमवारचं बोलणं आधी झालेलं असतं तर त्यावरून त्यांनी अंदाज बांधला असता. म्हणून माझी पहिली सवय अशी, की मेसेज मराठीत असला तरी वेळ, तारीख, पोत्यांची संख्या आणि पैसे इंग्रजी आकड्यांत. रुपयाचं चिन्ह पण टाळायचं. ते ₹ चिन्ह २०१० मध्ये आलं, त्याआधीच्या फोनला ते माहीतच नाही, तिथेही डबाच दिसतो. सरळ Rs लिहावं.

सगळीच गडबड डब्यांची नसते, आणि समोरचा फोनवर काय सांगतोय ते नीट ऐकलं तर चूक कुठे झाली ते कळतं. "प्रश्नचिन्हं दिसायलीत" असं कुणी म्हणालं तर मामला वेगळा आहे. तिथे मेसेज जाताना वाटेतल्या एखाद्या यंत्रणेनं मराठी अक्षरं ओळखली नाहीत आणि प्रत्येकाच्या जागी ? घातलं. मूळ क्रमांक पुसले गेले. तो मेसेज दुसऱ्या कुठल्याही फोनवर नेला तरी ? च दिसणार, धाडणाऱ्यानंच पुन्हा धाडायला हवा. संगणकातून एकदम शेकड्यांनी मेसेज सोडतात तेव्हा युनिकोडचा पर्याय निवडायचा राहिला की हे होतं. कधी "à¤®" असली विचित्र अक्षरं दिसतात. तिथे क्रमांक शाबूत असतात, पण ते चुकीच्या पद्धतीनं वाचले जातायत. फोनच्या मेसेजमध्ये हे कमी, ईमेल आणि फाइलींमध्ये जास्त. आणखी एक प्रकार म्हणजे अक्षरं दिसतात, पण पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटी होऊन पाय मोडलेले दिसतात. तिथे फॉन्ट आहे, पण अक्षरं जुळवून मांडणारा भाग फोनमध्ये नाही. असा मेसेज जरा प्रयत्न केला तर वाचता येतो.

डबे असतील तर मूळ मेसेज आत शाबूत आहे, हे मी वर म्हटलं. त्याचा थेट फायदा घेता येतो. काकांनी तोच मेसेज घरातल्या पोराच्या नव्या फोनवर पुढे धाडला, तर बहुतेक वेळा तिथे स्वच्छ मराठी दिसते. फार जुने काही फोन पुढे धाडताना अक्षरं बिघडवतात, त्यामुळे हा उपाय हमखास नाही, पण करून बघायला एका मेसेजचाच खर्च. दुसरा मार्ग सिमकार्डाचा. कित्येक जुन्या फोनमध्ये मेसेज सिमवर साठतात. फोनच्या मेसेज सेटिंगमध्ये मेसेज फोनमध्ये ठेवायचे की सिमवर, असा पर्याय असतो. मेसेज सिमवर असेल तर ते सिम नव्या फोनमध्ये घालायचं आणि तिथल्या मेसेज ॲपच्या सेटिंगमध्ये सिमवरचे मेसेज बघायची सोय शोधायची. ती सगळ्या फोनमध्ये नसते, पण असली तर जुना मेसेज वाचता येतो. बँकेचा किंवा सरकारी योजनेचा मेसेज मराठीत आला असेल आणि तो पुन्हा मागवायची सोय नसेल, तेव्हा हे दोन उपाय फार कामाला येतात.

पण रोजच्या कामात आपण उत्तर देणार असतो, आणि ते उत्तर पहिल्या झटक्यात वाचता यायला हवं. इथे बरेचजण एक चूक करतात. "डबे दिसतायत" असं कळल्यावर "आता दिसतंय का?" हेसुद्धा मराठीतच लिहून धाडतात. तेही डबेच. उत्तर इंग्रजी अक्षरांतल्या मराठीतच जायला हवं. मी काकांना धाडलं ते असं:

```
Kaka, haldicha lilav Somvar 6 April la ahe. Sakali 8 vajta poti gheun ya. Yenar asal tar 1 pathva, nahi tar 2.
```

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं. बटणांच्या फोनवर शब्द लिहायला वेळ लागतो, एक आकडा दाबायला लागत नाही. शिवाय 1 आला की मेसेज वाचला गेला याची मला खात्री होते. नुसतं "मेसेज पोचला" असं माझ्या फोननं सांगितलं तर त्यात वाचता आला की नाही ते कळत नाही. डब्यांचा मेसेजही पोचलेलाच असतो.

इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची खरी अडचण म्हणजे तिथे ल आणि ळ एक होतात, न आणि ण एक होतात, त आणि ट एक होतात, र्‍हस्व-दीर्घ तर राहतच नाही. kal लिहिलं की काल, काळ, कल काहीही होतं. vel म्हणजे वेळ की वेल? mal म्हणजे माल, मळ की माळ? बोलताना कुणाची गल्लत होत नाही, कारण मागचं-पुढचं बोलणं असतं. एकट्या मेसेजमध्ये ती होते. म्हणून वरच्या मेसेजमध्ये मी mal न लिहिता poti लिहिलं. काल-परवा-उद्या असे शब्द टाळून तारीख लिहिली, आणि तारखेत महिना आकड्यात न लिहिता April लिहिला, म्हणजे 6-4 आणि 4-6 अशी उलटापालट होत नाही. time, bank, photo, light bill असे जे शब्द आपल्याकडे सगळ्यांनी पाटीवर, बिलावर पाहिलेत ते तसेच लिहावेत, ते पाहताक्षणी ओळखू येतात. दीडशे, अडीचशे यांचं didshe, adichshe करू नये, 150 आणि 250 लिहावं. औषधाचं किंवा बियाण्याचं नाव असेल तर बाटलीवर-पिशवीवर छापलंय तसं अक्षरन् अक्षर उतरवावं, आपल्या उच्चाराप्रमाणे नाही. दुकानदार तेच बघून देणार असतो.

मोठ्या अक्षरांचा एक शहाणपणा काहीजण करतात, ळ साठी L आणि ण साठी N. लिहिणाऱ्याला ते बरोबर वाटतं, पण वाचणाऱ्याला ती पद्धत कुणी शिकवलेली नाही. त्याला haLad बघून आणखी गोंधळायला होतं. माझं मत आहे की साधं halad लिहावं आणि वाक्य असं बांधावं की दुसरा अर्थ निघणारच नाही.

कीबोर्डकडेही लक्ष द्यावं लागतं. आजकालचे मराठी कीबोर्ड halad टाइप केलं की आपोआप हळद करून टाकतात, म्हणून आधी इंग्रजी कीबोर्डवर जायचं. तिथे गेलं की इंग्रजी कीबोर्ड ahe, ya अशा शब्दांना चुकीचे समजून भलतेच इंग्रजी शब्द घालतो. शब्द आपोआप सुधारण्याची सोय बंद केली नाही तर काकांना एक वेगळंच कोडं मिळतं. धाडण्याआधी एकदा डोळ्यांखालून घालावं.

आता पैशांचा भाग. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. साधी इंग्रजी अक्षरं आणि आकडे सात-सात बिटांत बसवतात, म्हणून १६० अक्षरं मावतात. मराठी अक्षर मात्र दोन बाइट घेतं, म्हणून ७० च मावतात, आणि काना-मात्रा-वेलांटी हे प्रत्येकी वेगळे मोजले जातात. वरचा मराठी मेसेज मोकळ्या जागांसकट ५८ होता, म्हणून एकात बसला. इंग्रजी अक्षरांतलं उत्तर ११० आहे, तेही एकातच बसलं. पण त्या ११० मध्ये एक जरी मराठी अक्षर राहिलं, किंवा ₹ आलं, किंवा दुसरीकडून उतरवून घेताना आलेलं वळणदार अवतरणचिन्ह आलं, तर अख्खा मेसेज दोन बाइटांच्या हिशोबात जातो. मर्यादा ७० वर येते आणि मेसेजचे दोन तुकडे होतात. तुकडे झाले की प्रत्येकात ६७ च अक्षरं मावतात, कारण थोडी जागा तुकडे जोडायच्या माहितीत जाते. दोन मेसेजचे पैसे लागतात, आणि काही जुन्या फोनवर ते तुकडे वेगवेगळे, कधी उलट्या क्रमानंही दिसतात. लिहायच्या चौकटीशेजारी अक्षरमोजणी दाखवणारं ॲप असेल तर हे लगेच पकडता येतं. उरलेली अक्षरं एकदम खूप कमी झाली की समजायचं, एखादं परकं चिन्ह आत शिरलंय.

एकच मेसेज पन्नास जणांना जाणार असतो आणि कुणाच्या फोनवर मराठी दिसतं ते ठाऊक नसतं, तेव्हा मी सुरुवातीला एक ओळ इंग्रजी अक्षरांत ठेवतो आणि पुढे मराठी:

```
Lilav 6 April, 8 AM. हळदीचा लिलाव, पोती घेऊन या.
```

ज्याला डबे दिसतात त्याला पहिली ओळ मिळते, ज्याला मराठी दिसते त्याला सगळं मिळतं. मराठी आत असल्यामुळे हा मेसेज ७० च्या मर्यादेत बसवावा लागतो, म्हणून शब्द मोजके.

मराठीचं चित्र करून धाडायचा उपाय लोक सुचवतात. मराठीत लिहायचं, त्याचा स्क्रीनशॉट काढायचा आणि फोटो म्हणून पाठवायचा, म्हणजे समोरच्या फोनला फॉन्टची गरजच नाही. कल्पना बरोबर आहे. पूर्वी जुन्या अँड्रॉइड फोनवर ऑपेरा मिनी वापरणारे याच तत्त्वावर मराठी वाचायचे. पत्त्याच्या जागी opera:config टाइप करायचं, तिथला Use bitmap fonts for complex scripts हा पर्याय चालू करायचा, मग त्यांचा सर्व्हर मराठी अक्षरांची चित्रं करून धाडायचा. पण आज व्हॉट्सॲप चालायला बऱ्यापैकी नवं अँड्रॉइड लागतं, आणि त्यात देवनागरी असतेच. म्हणजे ज्या फोनवर फोटो सहज पोचतो त्याला त्याची गरज नाही, आणि ज्या बटणांच्या फोनला गरज आहे त्याच्यावर फोटो पोचत नाही.

नव्या फोनवर पण कधी सगळं मराठी नीट दिसतं आणि मधेच एखादा डबा येतो. त्याला दुसरी कारणं आहेत. "ॲ" हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं, बाकीच्या देवनागरीच्या बरंच नंतर. जुन्या फॉन्टमध्ये ते नसतं, म्हणून "ॲडव्हान्स"मधला पहिलाच डबा होतो. तिथे "अ‍ॅडव्हान्स" असं अ वर चंद्र देऊन लिहिलं तर चालतं, पण त्यात मधे एक न दिसणारं जोडचिन्ह असतं आणि काही जुन्या फोनवर त्याचाच डबा होतो. "दुसर्‍या", "शेतकर्‍याला" अशा शब्दांतल्या त्या अर्ध्या र चीही हीच गत. तो ऱ पासून केला तर जोडचिन्ह लागत नाही, र पासून केला तर लागतं, आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. समोरच्याला त्या जागी डबा दिसत असेल तर शब्द बदलणं सोपं पडतं. "दुसर्‍या दिवशी" ऐवजी तारीख लिहिली की झालं. मेसेजच्या शेवटी आलेला डबा मात्र बहुतेकदा नव्या इमोजीचा असतो, तो सोडून द्यावा.

एवढं सगळं केलं तरी इंग्रजी अक्षरं वाचता येणार नाहीत असे लोक आहेतच. ज्यांची शाळा दुसरी-तिसरीत सुटली त्यांना बाराखडी वाचता येते, ABCD नाही. त्यांच्यासाठी Kaka, haldicha आणि डबे यांत काही फरक नाही. तिथे मेसेजचा हट्ट धरू नये, फोन करावा. आमच्या आडतीच्या वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नंबरापुढे मी एक अक्षर लिहून ठेवलंय: म म्हणजे मराठी दिसतं, इं म्हणजे इंग्रजी अक्षरांत धाडायचं, फो म्हणजे फोनच करायचा. नवं गिऱ्हाईक आलं की त्याच्या समोर त्याच्या फोनवर एक मराठी मेसेज सोडतो, काय दिसतं ते स्वतः बघतो आणि तेव्हाच ते अक्षर लिहितो. फो वाल्यांना दिवसा शेतात फोन ऐकू जात नाही, त्यांना सांजच्याला सात ते आठच्या दरम्यान लावतो, आणि लिलावाचा दिवस व वेळ त्यांच्याच तोंडून एकदा परत म्हणवून घेतो.